बॅटलशिप: सम-विषम घरं मारूनही गोळे वाया का जातात?

कोयरी

मंडळी, बॅटलशिप खेळणारं कोणी आहे का इथे? भाचा नाशिकला, मी पनवेलला, डाव व्हॉट्सअॅपवर. दोघांच्या वह्या आपापल्यापाशी. नेहमीचा दहा बाय दहाचा चौकोन. जहाजं पाच: ५, ४, ३, ३ आणि २ घरांचं. आडवी किंवा उभी ठेवायची, तिरकी नाही. एकमेकांना चिकटलेली चालतात. गोळा बसला तर "लागला", नाही तर "पाण्यात", आणि जहाजाची सगळी घरं लागली की "अमुक घरांचं बुडालं" असं सांगायचं.

मी सम-विषमची युक्ती वापरते. सर्वात लहान जहाज दोन घरांचं, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाची फक्त काळी घरं मारली तरी प्रत्येक जहाज कुठेतरी सापडणारच. ओळ आणि रकाना यांची बेरीज सम येते ती घरं मी मारते. तरी हरते. आत्ता डाव असा आहे (~ म्हणजे पाण्यात, # म्हणजे लागला, टिंब म्हणजे न मारलेलं):

```
     १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १०
१    ~ . ~ . ~ . ~ . ~ .
२    . ~ . ~ . ~ . ~ . ~
३    ~ . ~ . ~ . ~ . ~ .
४    . ~ ~ # # # ~ . . .
५    . . . . . . . . . .
     (खाली १० पर्यंत सगळं कोरं)
```

घराचं नाव लिहिताना आधी ओळ, मग रकाना. ४/४ लागला, मग ४/५ लागला, ४/६ लागला. ४/७ पाण्यात, ४/३ पण पाण्यात. सलग तीन लागले, दोन्ही टोकं बंद, आणि साहेब "बुडालं" म्हणायला तयार नाहीत. कार्टं फसवतंय की विसरलंय? वहीचा फोटो माग, असं नवरा म्हणतोय.

झणझणीत

विसरला असेल हो. तीन लागले आणि दोन्हीकडे पाणी म्हणजे तीनवालंच ते. बुडालं धरा आणि पुढे चला. युक्ती तुमची बरोबरच आहे, काळी घरं मारत राहा, पन्नास घरांत सगळं सापडतं. मी तर आधी चारही कोपरे मारतो, लोक कोपऱ्यात फार लपवतात.

पिंपळपान

माझी जहाजं नेहमी लगेच सापडतात. लपवायची कशी तेही कोणी सांगा ना. मी सगळी कडेला ठेवते आणि मुलगी दहा मिनिटांत सगळी उडवते.

मोजणीदार

कोयरीताई, भाच्याला काही बोलू नका, फोटोही मागू नका. तो खरं बोलतोय, आणि तुमच्या हातात तीन जहाजं एकदम आली आहेत.

असं बघा. ४/३ आणि ४/७ पाण्यात गेले, म्हणजे या तीन घरांत आडवं जहाज असलंच तर ते जास्तीत जास्त तीन घरांचं. तीनवालं असतं तर तिसऱ्या गोळ्याला बुडालं असतं. दोनवालं ४/४-४/५ वर असतं तर दुसऱ्या गोळ्यालाच बुडालं असतं, ४/५-४/६ वर असतं तर तिसऱ्याला. त्याने तिन्ही वेळा नुसतं "लागला" म्हटलं, म्हणजे आडवं जहाज इथे नाहीच. तिन्ही घरं तीन वेगवेगळ्या उभ्या जहाजांची आहेत. खांद्याला खांदा लावून उभी केली आहेत पठ्ठ्याने.

आता पुढचा गोळा. ४/५ च्या वर ३/५ पाण्यात आहे, तेव्हा ते जहाज खालीच जाणार. ५/५ शंभर टक्के लागणार.

४/४ च्या वर ३/४ मोकळं आहे, त्याच्या वर २/४ पाणी. म्हणजे रकाना ४ मधलं जहाज ओळ ३ पासून किंवा ओळ ४ पासून सुरू होतं. पाच जहाजं, प्रत्येकाच्या दोन जागा, अशा दहा शक्यता. त्यातल्या फक्त एका शक्यतेत ५/४ येत नाही: दोनवालं ३/४-४/४ वर बसलंय ती. बाकी नवांत ५/४ आहेच. रकाना ६ चंही अगदी तसंच. आणि दोनवालं एकच असल्यामुळे ५/४ आणि ५/६ दोन्ही फुकट जाणं शक्य नाही.

५/५, मग ५/४, ५/६ मारा आणि इथे कळवा. एक विचारायचं राहिलं, कुठलं जहाज बुडालं हे तो नक्की सांगतो ना? नुसतं "लागला-पाण्यात" खेळत असाल तर वरचं सगळं गणित कोसळतं. मग आडवं तीनवालंही असू शकतं.

कोयरी

सांगतो, सांगतो. तोच नियमांचा पक्का आहे. थांबा, मारून येते.

झणझणीत

हे पटलं बुवा. माझा शब्द मागे. कोपऱ्याचं मात्र मागे घेत नाही.

जुनाजाणता

अवांतर: आमच्या लहानपणी हा खेळ आलेखवहीच्या कागदावर, मागच्या बाकावर चालायचा. खुंट्या टोचायची प्लॅस्टिकची पाटी मिल्टन ब्रॅडलीने १९६७ साली बाजारात आणली, त्याच्या कितीतरी आधीपासून तिकडेही तो कागदावरच खेळला जाई. आम्हाला जहाजांचे आकडे कोणी सांगितले नव्हते, जो तो आपल्या मनाने ठरवी आणि त्यावरून मारामाऱ्या होत. ५-४-३-३-२ हे ठरलेलं बरं. चालू द्या.

कोयरी

मोजणीदार, दंडवत! ५/५ ला "दोनवालं बुडालं". ५/४ लागला, ५/६ लागला. आता रकाना ४ आणि रकाना ६ मध्ये दोन-दोन घरं लागून पडली आहेत. आधी वरची ३/४ आणि ३/६ मारून वरचं टोक बंद करू का? एकच घर आहे तिकडे, संपवून टाकते.

मोजणीदार

नको. सगळे हेच करतात आणि अर्ध्या वेळी गोळा घालवतात.

दोनवालं गेलं. रकाना ४ मध्ये आता ३, ३, ४, ५ यांतलं एक आहे आणि ते ओळ ३ किंवा ४ पासून सुरू होतंय. आठ शक्यता. ३/४ लागतं ते ओळ ३ पासून सुरू झालं तरच, म्हणजे आठांत चार. ६/४ बघा. ओळ ४ पासून सुरू झालं तर चारही जहाजं ६/४ पर्यंत पोचतात. ओळ ३ पासून सुरू झालं तरी चारवालं आणि पाचवालं पोचतं. आठांत सहा. तेव्हा ६/४.

"बंद करायचं" हा हिशोबच चुकीचा आहे. ज्या बाजूला मोकळी जागा जास्त, त्या बाजूला जहाज असण्याच्या रीती जास्त, एवढंच बघायचं. पहिला गोळा लागल्यावरही हेच. वर-उजवीकडे-खाली-डावीकडे असं घड्याळासारखं फिरायचं नाही. ४/४ लागला तेव्हा डावीकडे एकच घर मोकळं होतं, वर एकच, उजवीकडे सहा आणि खाली सहा. तुम्ही उजवीकडे गेलात ते बरोबर केलंत.

उंबरठा

एक शंका. एक जहाज लागलं की ते बुडेपर्यंत त्याच्याच मागे लागायचं, की बाकीची शोधत राहायचं? माझा भाऊ म्हणतो की लागलेलं कुठे पळून जात नाही, आधी सगळी शोधून घ्यावीत.

मोजणीदार

पळून जात नाही हे खरं. पण बुडाल्यावर किती घरांचं गेलं ते कळतं, आणि त्यावर पुढचा शोध किती दाट करायचा ते ठरतं. आता ताईंच्या डावात दोनवालं गेल्यामुळे उरलेला पट वेगळ्या जाळीने शोधता येणार आहे. ते आधी कळलं नसतं तर काळ्या घरांवरच चालत राहिल्या असत्या. एका वेळी एकच गोळा असेल तर बुडवून पुढे जावं. एका पाळीत चार-पाच गोळे एकदम मारायचे असतील तर भावाचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. तिथे मी स्वतः कधी असं, कधी तसं करतो.

कोयरी

६/४: "तीनवालं बुडालं". मग तुमच्यासारखंच रकाना ६ चं मोजलं. उरली ३, ४, ५, म्हणजे सहा शक्यता, त्यांतल्या पाचांत ६/६ येतं. मारलं, लागलं, बुडालं नाही. म्हणजे तीनवालं नाही. उरलं चारवालं किंवा पाचवालं, दोघांच्याही सुरुवाती ओळ ३ किंवा ४. चारांतल्या तिघांत ७/६ आहे. मारलं, लागलं, तरी बुडालं नाही! म्हणजे पाचवालंच. आता ३/६ किंवा ८/६, दोन्ही सारखेच. ८/६ मारलं आणि "मावशी, पाचवालं गेलं" असा रडका इमोजी आला.

सलग सात गोळे लागले. एकूण अठ्ठावीस झाले. राहिलं एक चारवालं आणि एक तीनवालं. आता काळी घरं पुढे चालू करू?

मोजणीदार

मोजणी पक्की जमली तुम्हाला. काळी घरं मात्र सोडा आता.

सर्वात लहान जहाज तीन घरांचं उरलंय. तेव्हा दर तिसऱ्या तिरक्या रेषेवरची घरं पुरतात. ओळ अधिक रकाना, त्याला तिनाने भागा, बाकी ०, १ किंवा २ येईल. कुठलीही एक बाकी धरा. त्या बाकीची सगळी घरं मारली की तीन घरांचं जहाज सुटूच शकत नाही, कारण सलग तीन घरांत तिन्ही बाक्या एकेकदा येतात.

त्याआधी मेलेली जागा खोडून घ्या. वरच्या तीन ओळींत तुम्ही एकाआड एक मारलंय, तिथे आडवी सलग तीन घरं कुठेच नाहीत. उभं बघितलं तर ३/८ आणि ३/१० एवढीच दोन घरं खालच्या मोकळ्या पट्ट्याला जोडलेली आहेत, बाकी सगळी एकटी. ती तोडून टाका. उरतात ५९ घरं. त्यांत तुमची काळी घरं २८ आहेत. तिनाच्या हिशोबाने बाकी ० ची १९, बाकी १ ची १९, बाकी २ ची २१. काळी घरं मारत राहिलात तर वाईटात वाईट २८ गोळे, तिरक्या रेषांवर १९. दोनवालं बुडालेलं ज्याच्या लक्षात येत नाही, त्याचे नऊ गोळे इथे जातात.

बाकी ० घ्यायची की १? संख्या सारखीच, म्हणून मी बघतो की कुठल्या घरावरून जास्त जहाजं जाऊ शकतात. ७/३ घ्या. आडवं बघितलं तर ओळ ७ मध्ये रकाना १ ते ५ मोकळे आहेत. ७/३ वरून तीनवालं तीन रीतींनी जाईल, चारवालं दोन रीतींनी. उभं बघितलं तर रकाना ३ मध्ये ५ ते १० मोकळं, तीनवालं तीन रीतींनी, चारवालंही तीन. एकूण अकरा. ९/७ वरही अकरा येतात. दोन्ही बाकी १ ची घरं. उलट ३/१० बघा. तेही बाकी १ चंच, पण त्यावरून फक्त उभं तीनवालं एका रीतीने आणि उभं चारवालं एका रीतीने, एकूण दोन. बाकी १ धरा, ७/३ आणि ९/७ ने सुरुवात करा, ३/१० शेवटासाठी ठेवा.

सातारी_कंदी

हे वाचून डोकं गरगरलं. खेळताना एवढं कोण मोजतं? पोरं तोपर्यंत झोपतील.

मोजणीदार

प्रत्येक घराचं मोजायचं नाही हो. हाताशी ठेवायला एकच नियम पुरतो. दोन पाण्यांच्या मध्ये सलग किती घरं मोकळी आहेत ते बघा. शोधायचं जहाज तिनाचं असेल तर एक किंवा दोन मोकळ्या घरांकडे ढुंकूनही बघू नका, तिथे ते मावतच नाही. तीन, चार, पाच मोकळी असतील तर मधलं एक घर मारलं की झालं. पाचांत तीनवालं तीनच रीतींनी बसतं आणि तिन्ही वेळा मधलं घर व्यापतं. सहा मोकळी झाली की दोन गोळे लागतात. मोकळ्या घरांना जहाजाच्या लांबीने भागा, पूर्ण भाग किती जातो तेवढे गोळे. आणि असं घर निवडा जे आडव्या पट्ट्याच्याही मधोमध आहे आणि उभ्याच्याही. डोळ्यांना सवय झाली की चार सेकंदांत दिसतं.

सातारी_कंदी

हां, हे जमेल. आधीच एवढं सांगायचं ना.

उंबरठा

मग कोयरीताईंची सुरुवात कुठे बिघडली? काळी घरं तर त्या मारतच होत्या.

मोजणीदार

घरं बरोबर होती, क्रम वाईट. पहिल्या ओळीपासून ओळीने सुरू केलं त्यांनी. तीन ओळींत पंधरा गोळे, आणि एवढ्यानंतर वरची पट्टी तेवढी साफ झाली. खालच्या सत्तर घरांबद्दल काहीच माहिती नाही. शिवाय पाचवालं तिथे आडवं असतं तर एकाच ओळीत दोन-तीन काळ्या घरांवर आलं असतं. ते शोधायला एक गोळा पुरला असता, बाकीचे तिथे जादा.

त्यापेक्षा असं करावं. आधी बेरजेला चाराने पूर्ण भाग जातो ती घरं मारा, २५ आहेत. चारवालं आणि पाचवालं त्यांतून सुटत नाही, आणि तीनवालीही बरीच सापडतात. यातली गंमत अशी की ही पंचवीसच्या पंचवीस घरं काळीच आहेत, कारण चाराने भाग गेला म्हणजे दोनाने गेलाच. मोठी शोधून झाल्यावर मधली उरलेली पंचवीस काळी घरं भरा. एकूण पन्नासच राहिली, एकही गोळा वाया नाही, फक्त मोठी जहाजं अर्ध्या वाटेत हाती लागली. चारांची जाळी दोनांच्या जाळीत चपखल बसते. तिनांची बसत नाही, त्या रेषांवरची निम्मी घरं पांढऱ्या रंगावर जातात. म्हणून दोनवालं जिवंत असताना तिनांची जाळी काढू नये.

आणि या पंचवीसांतही मधून बाहेर जावं. डाव सुरू होताना ५/५ वरून पाची जहाजं मिळून ३४ रीतींनी जाऊ शकतात, कोपऱ्यावरून १०.

झणझणीत

पण माणसं काही फासे टाकून जहाजं ठेवत नाहीत. तुमचं ३४ आणि १० हे तो डोळे मिटून ठेवत असेल तर. मी कोपऱ्यात मारतो कारण मला कोपऱ्यात सापडतात.

मोजणीदार

मुद्दा रास्त आहे. मोजणी सगळ्या जागा सारख्या धरते, माणूस धरत नाही. पण मग समोरच्याला कोपरा साडेतीन पट जास्त आवडायला हवा, तेव्हा कुठे कोपरा आणि मधलं घर बरोबरीला येतील. एवढा आवडणारा एखादा असेलही. त्याला ओळखत असाल तर खुशाल मारा. अनोळखी माणसाशी खेळताना मी नाही मारणार.

टोरांटोकर

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, तरी विचारतो. ऑफिसात एक युक्रेनचा सहकारी आहे, त्यांच्याकडे शाळेतल्या वहीवर हाच खेळ, पण ताफा वेगळा. एक चारवालं, दोन तीनवाली, तीन दोनवाली आणि चार एकेका घराची. आणि जहाजं एकमेकांना चिकटत नाहीत, कोपऱ्याला कोपराही लागता कामा नये. फोनवरच्या बऱ्याच खेळांतही हेच असतं. एक घराच्या जहाजाला काळं-पांढरं काय कामाचं? चाळणी लावली तर ती चारही पांढऱ्यावर निघतात आणि मी शेवटी सगळा पट मारत बसतो.

मोजणीदार

एक घरवाल्यांना कुठलीच जाळी लागू पडत नाही, बरोबर. तिथे ती शोधायचीच नाहीत. मोठी बुडवून पाणी मिळवायचं. चिकटायचं नाही हा नियम शोधणाऱ्याच्या फायद्याचा आहे. चारवालं पटाच्या मध्ये उभं किंवा आडवं सापडलं तर त्याच्या भोवतीची चौदा घरं फुकट खोडता येतात. म्हणून आधी चाराच्या तिरक्या रेषा. बेरजेला चाराने भागून बाकी १ येते ती घरं २४ आहेत, बाकी तिन्हींपेक्षा एखाद-दोन कमी. मग तीनवाली, मग दोनवाली. प्रत्येक बुडालेल्याभोवती रेघ मारून घ्या. एक घरवाली उरलेल्या जागेत आहेत, आणि तोवर जागा थोडीच उरलेली असते.

पिंपळपान, तुमचं उत्तरही यातच आहे. तुम्ही कुठला ताफा खेळता? चिकटायचं नाही असा खेळ असेल तर कडेला ठेवणं मुळात वाईट नाही. चारवालं मध्ये असलं तर शत्रूला चौदा घरं फुकट मिळतात, कोपऱ्यात दडवलं तर सहाच. मोठी कडेला दाबून ठेवली की लहानांना लपायला मैदान मोठं राहतं. पण सगळीच कडेला ठेवलीत तर मुलीला तेवढी कडच फिरायची असते. एक घरवाली मध्ये पसरा.

पिंपळपान

आम्ही कोयरीताईंसारखंच खेळतो, चिकटलेली चालतात.

मोजणीदार

मग वरचा हिशोब तुमच्या कामाचा नाही. कडेचा फायदा तुमच्याकडे एवढाच की तिथून कमी रीती जातात, म्हणून मोजून खेळणारा तिथे उशिरा येतो. मुलगी मोजत नसणार, तिला तुमची सवय कळली आहे. कोयरीताईंच्या भाच्याकडून शिका, तीन जहाजं चिकटवून उभी केली की समोरचा गोंधळतो. या पानावर दोघं गोंधळलेच.

झणझणीत

:-) मान्य.

उंबरठा

पण ती सगळी एकत्र सापडलीही. एका गोळ्याने तिघांचा माग लागला. विखुरली असती तर ताईंना तीनदा शोधायला लागली असती. मला तर चिकटवणं तोट्याचं वाटतं.

मोजणीदार

समोरचा "बुडालं नाही" याचा अर्थ लावू शकत असेल तर तोट्याचं, नसेल तर फायद्याचं. याहून पक्कं मला सांगता येणार नाही.

कोयरी

डाव संपला, हिशोब देते. ७/३ पाण्यात, ९/७ पाण्यात. मग बाकी १ चंच ७/९ मारलं, लागलं! वर-खाली सारख्याच रीती येत होत्या, खाली ८/९ मारलं ते पाण्यात. वर ६/९, ५/९ दोन्ही लागले. सलग तीन लागून बुडालं नाही, म्हणजे चारवालं, आणि खालचं टोक बंद. ४/९ न मोजताच मारलं. बुडालं.

मग ते शेवटचं तीनवालं. मधली सगळी घरं आधी मारली, जिथे रीती जास्त तिथे आधी, तुम्ही सांगितलं तसं. आणि निघालं कुठे? १०/८, १०/९, १०/१०. खालच्या उजव्या कोपऱ्यात! १०/९ वरून ते दोनच रीतींनी जाऊ शकत होतं, म्हणून मी ते अगदी शेवटी ठेवलं होतं. एकूण पन्नाशीच्या आसपास गेले. बाकी १ ची घरं संपायच्या आत सापडलं हे खरं, पण भाच्याचेही तोवर माझं चारवालं आणि पाचवालं बुडवून झाले होते. जिंकले, पण थोडक्यात.

झणझणीत

कोपरा!!! मी काय म्हणत होतो?

मोजणीदार

एक जहाज कोपऱ्यात निघालं, चार नाही निघाली. १०/९ आधी मारलं असतं तर चारवालं तेवढं उशिरा सापडलं असतं.

झणझणीत

तीनच गोळे उशिरा, न मारलेल्या तीन कोपऱ्यांचे. आणि वाचलं असतं ते दहा-बारा गोळ्यांचं फिरणं. चारवालं बुडाल्यावर एकच उरलं होतं ना? तेव्हा तरी कोपरे आधी घ्यायला हवे होते.

मोजणीदार

मागून बघताना सगळंच असं दिसतं. पण ताई, भाचा नेहमी एक जहाज कोपऱ्यात दडवतो का? आधीच्या डावांच्या वह्या असतील तर बघून सांगा. तसं असेल तर कडेच्या घरांच्या रीती दुप्पट धरून मोजा, त्याच्यापुरत्या.

कोयरी

वह्या आहेत. चाळल्या. कडेला बरंच काही असतं, पण कोपरा आधी कधी दिसला नाही. आणि हा धागा त्याच्या आईने त्याला पाठवलाय असं आत्ता कळलं. पुढच्या डावाला तो काय करणार ते आता कोणत्याच मोजणीत बसणार नाही.

टोरांटोकर

मग तो आता मध्ये ठेवणार. की तुम्ही असं धरणार हे धरून परत कोपऱ्यात?

सातारी_कंदी

पुढच्या डावाचा पट इथेच टाका ताई. तुमची बाजू नको, त्याची टाका.